शेवटची फेरी : पुढचीला गाठायला किती वेग लागतो? (प्रकल्प नोंदी, नागपूर)

२ नोव्हेंबर २०२५

प्रश्न असा. ३००० मीटरची शर्यत, ४०० मीटरचा ट्रॅक, शेवटच्या फेरीची घंटा वाजली. पुढची धावपटू ठरावीक अंतराने पुढे आहे आणि मागचीला रेषेआधी तिला ओलांडायचंय. मागचीने कोणत्या वेगाने धावावं? नोंदींमध्ये दोघींना ‘पुढची’ आणि ‘मागची’ असंच म्हटलंय.

३००० मीटर म्हणजे साडेसात फेऱ्या. सुरुवात दोनशेच्या खुणेवरून होते, आणि घंटा २६०० मीटर झाल्यावर, म्हणजे शेवटच्या रेषेवरच वाजते. हे सोयीचं आहे. त्याच रेषेवर उभं राहून स्टॉपवॉचने दोघींमधलं अंतर सेकंदांत घेता येतं: पुढचीची छाती रेषेवर आली की एक बटण, मागचीची आली की दुसरं.

अंतर सेकंदांत घेतलं की गणित तोंडी होतं. पुढची शेवटच्या फेरीला ७८ सेकंद घेणार असेल आणि मागची ३ सेकंद मागे असेल, तर मागचीने तीच फेरी ७५ सेकंदांत काढली तर बरोबरी, त्याहून कमी वेळात काढली तर पुढे. वेग हवाच असेल तर ४०० भागिले ७५, म्हणजे सेकंदाला ५.३३ मीटर. पुढचीचा वेग ५.१३. फरक सेकंदाला जेमतेम २० सेंटिमीटर, म्हणजे पसरलेल्या वितीएवढा.

स्प्रेडशीटमध्ये B2 ला पुढचीची शेवटची फेरी आणि C2 ला घंटेवरचं अंतर लिहिलं, दोन्ही सेकंदांत. मग:

```
D2:  =B2-C2          (target lap, s)
E2:  =400/(B2-C2)    (speed, m/s)
```

E2 चा आकडा धावणाऱ्याच्या कामाचा नाही. सेकंदाला ५.३३ मीटर म्हणजे काय, हे पायांना कळत नाही. ७५ सेकंदांची फेरी मात्र कळते, कारण सराव फेरीच्या वेळेवरच होतो. म्हणून पुढे सगळीकडे फेरीची वेळच धरायची.

६ नोव्हेंबर

सरावाचं मुरमाचं मैदान मोजलं. चुन्याने आखलेली फेरी सगळे ‘चारशेची’ म्हणतात. ५० मीटरच्या स्टीलच्या टेपने आतल्या रेषेपासून २० सेंटिमीटर बाहेरून मोजल्यावर ती ३८८ मीटर भरली. (आत उंच कर्ब असेल तर ३० सेंटिमीटर बाहेरून मोजतात, नुसती रेषा असेल तर २०. इथे चुन्याची रेषाच आहे.) वळणावर टेप ताणून धरला की तो आतल्या बाजूला सरळ होतो आणि माप कमी येतं. म्हणून वळणावर पाच-पाच मीटरला खिळा ठोकून टेप त्याला टेकवत नेला.

१२ मीटरची चूक लहान नाही. या मैदानावर ८२ सेकंदांची फेरी म्हणजे खऱ्या ४०० वर साडेचौऱ्याऐंशी. इथे ७५ ची फेरी काढून ‘तयारी झाली’ म्हणणारी मुलगी सिंथेटिक ट्रॅकवर ७७ पलीकडे जाईल.

पण एक गोष्ट लक्षात आली. सेकंदांची वजाबाकी मैदान किती लांब आहे ते विचारतच नाही. दोघी त्याच मैदानावर धावतात, तेव्हा ‘पुढचीची फेरी वजा अंतर’ हे ३८८ वरही तितकंच खरं. मीटर आणि वेग आणले की मैदानाची चूक आकड्यात शिरते. म्हणून पाठलागाचा सराव मुरमावर चालेल. कोणाची फेरी किती सेकंदांची आहे हे मात्र मानकापूरच्या विभागीय क्रीडा संकुलातल्या सिंथेटिक ट्रॅकवरच ठरवायचं.

९ नोव्हेंबर

अंतर मीटरमध्ये का नको, ते आज करून पाहिलं. दोघींना ३ सेकंदांच्या अंतराने धावायला लावलं आणि रेषेपाशी उभ्या तिघांना नजरेने अंतर विचारलं. उत्तरं आली १०, १५ आणि २० मीटर. खरं अंतर साडेचौदा होतं. पाच मीटर म्हणजे या वेगाला एक सेकंद. म्हणजे नजरेच्या भरवशावर बसलं तर लक्ष्य एका सेकंदाने इकडे किंवा तिकडे जातं.

दुसरी अडचण जास्त फसवी आहे. ८२ च्या फेरीला ३ सेकंद म्हणजे १४.६ मीटर. पुढचीने वेग वाढवून ७८ ची चाल धरली आणि मागचीनेही तंतोतंत तीच धरली, तर अंतर ३ सेकंदच राहतं, पण मीटरमध्ये ते १५.४ होतं. मागचीला वाटतं आपण मागे पडतोय, आणि ती घाबरून झेप घेते. सेकंदांत पाहणाऱ्याला दिसतं की काहीच बदललेलं नाही.

‘घंटेला १५ मीटर होतं’ या वाक्यात घंटा कोणाची, हेही सांगायला लागतं. पुढची रेषेवर असताना मागची १५ मीटर मागे होती, की मागची रेषेवर आली तेव्हा पुढची १५ मीटर पुढे गेली होती? पहिल्या अर्थाने अंतर ३.०७ सेकंद, दुसऱ्याने २.९. फरक बारीक आहे, पण फुकटचा घोळ आहे. बटण दाबलं की हा प्रश्नच उरत नाही.

हाताने वेळ घेताना बोट उशिरा पडतं. तरी दोन्ही वेळा तेच बोट, तीच रेषा, तोच माणूस असेल तर उशीर बहुतेक कटून जातो. चूक होते ती मागची येताना दिसते म्हणून बटण आधीच दाबण्याने. रेषेच्या अगदी काटकोनात उभं राहिलं आणि नजर धावणारीवर न ठेवता रेषेवर ठेवली की ती कमी होते.

१६ नोव्हेंबर

आजची नोंद सगळ्यांत महत्त्वाची. वजाबाकीत दोन आकडे आहेत. अंतर मोजता येतं, पुढचीची शेवटची फेरी मात्र अजून धावली गेलेली नाही. तो आकडा अंदाजाचा आहे, आणि त्यातली एक सेकंदाची चूक जशीच्या तशी, पूर्ण एक सेकंद, लक्ष्यात उतरते. अंतर मोजण्यातली चूक फार तर एक-दोन दशांश. डोकं कुठे लावायचं ते यावरून उघड आहे.

नेहमीची चूक म्हणजे पुढचीची आधीची फेरी पुढेही तशीच चालेल असं धरणं. ती ८२ च्या फेऱ्या मारत होती, ३ वजा केले, मागचीला ७९ सांगितलं. मागचीने ७९ बरोबर काढली. दरम्यान घंटा ऐकून पुढचीने ७८ काढली. निकाल: अंतर ३ होतं ते ४ झालं. मागची आपली फेरी तीन सेकंदांनी सुधारून आणखी मागे पडली, आणि तिला कारण कळत नाही.

म्हणून पुढचीच्या जुन्या शर्यतींच्या नोंदी काढल्या. तिच्या मधल्या फेऱ्यांची सरासरी आणि शेवटची फेरी अशा जोड्या मिळाल्या: ८२ ला ७८, ८० ला साडेशहात्तर, ८४ ला ७९. शेवटची फेरी मधल्या फेरीच्या साधारण ९५ टक्के पडते. आजच्या शर्यतीत मधली फेरी ८२ ची असेल तर शेवटची ७८ च्या आसपास, फार तर ७७ ते ७९. मागचीचं लक्ष्य मग ७४ ते ७६. सांगायचं कोणतं? आमचं मत ७५ सांगायचं आणि अर्ध्या फेरीवर पुन्हा मोजायचं. ७४ सांगितलं तर ती पहिल्या वळणावरच सगळं उधळते. ते कसं, ते ७ डिसेंबरच्या नोंदीत आहे.

हे ९५ टक्के या धावपटूचे आहेत आणि ३००० चे आहेत. ८०० मीटरला नियम उलटा चालतो, तिथे दुसरी फेरी सहसा पहिलीपेक्षा हळू पडते. १९७२ च्या म्युनिक ऑलिम्पिकमधली ८०० ची अंतिम शर्यत याचं उत्तम उदाहरण. डेव्ह वॉटल सुरुवातीला सगळ्यांत मागे होता आणि १:४५.८६ मध्ये जिंकला; येवगेनी अर्झानोव्ह १:४५.८९. बघताना वाटतं वॉटलने शेवटी विलक्षण वेग काढला. पण त्याचे चारही दोनशे जवळपास सारखे, २६ ते २७ सेकंदांतले होते. बाकीचे मंदावले आणि तो त्यांच्यामधून वर आला. त्या शर्यतीत कोणी पुढच्याची पहिली फेरी धरून वजाबाकी केली असती, तर गरजेपेक्षा फारच कडक लक्ष्य निघालं असतं.

२३ नोव्हेंबर

मागची किती काढू शकते, ते मोजलं. मानकापूरच्या ट्रॅकवर २६०० मीटर ८२ च्या चालीने आणि मग शेवटची फेरी जीव तोडून: ७३.४ सेकंद. ताजी असताना ती ४०० मीटर ६६ मध्ये धावते, पण तो आकडा इथे बिनकामाचा. शर्यतीच्या शेवटी उरतं तेच खरं, आणि ते २६०० मीटर धावूनच कळतं.

आता मर्यादा ठरते. पुढचीची ७८ वजा मागचीची ७३.४ म्हणजे ४.६ सेकंद. त्यातून चुकांसाठी अर्धा-एक सेकंद बाजूला ठेवला की घंटेवर ४ सेकंदांपर्यंतचं अंतर गाठण्यासारखं आहे. ५ सेकंद मागे असेल तर शेवटच्या फेरीत ते होणार नाही, कितीही ओरडलं तरी. तसं असेल तर पाठलाग घंटेआधीच सुरू व्हायला हवा.

वेग चढवायलाही जागा लागते. ८२ ची चाल सेकंदाला ४.८८ मीटर. तिथून ५.३३ वर ती ३० मीटरांत हळूहळू आली, तर एका झटक्यात येण्यापेक्षा पाव सेकंद जातो. उरलेल्या ३७० मीटरांत तो भरायला ५.३५ पुरतात, काही विशेष नाही. पण पूर्ण वळण रेंगाळून १०० मीटरांत वेग चढवला तर उरलेले ३०० मीटर ५.४१ ने काढावे लागतात, म्हणजे चौऱ्याहत्तरच्याही आतली चाल. घंटा वाजल्यावर ‘आधी जरा बघू’ म्हणणं परवडत नाही. झटकाही नको आणि रेंगाळणंही नको. रेषेपासून वीस-तीस पावलांत चाल बदललेली हवी.

३० नोव्हेंबर

आज ट्रॅकची भूमिती. ४०० मीटरच्या प्रमाणित ट्रॅकवर दोन सरळ पट्ट्या ८४.३९ मीटरच्या आणि दोन वळणं ११५.६१ ची. वळणाची आतली त्रिज्या ३६.५० मीटर, मोजमाप त्याच्या ३० सेंटिमीटर बाहेरून. शेवटच्या रेषेपासून क्रम असा: पहिलं वळण, मागची सरळ, २०० ची खूण, दुसरं वळण, शेवटची सरळ.

पुढचीच्या खांद्याला खांदा लावून, एक मीटर बाहेरून अख्खं वळण धावलं तर ३.१४ मीटर जास्त पडतात, वळण कितीही त्रिज्येचं असो. अर्धवर्तुळ आहे, त्यामुळे एक मीटर गुणिले पाय. सेकंदाला ५.३३ च्या वेगाला हे जवळपास ०.६ सेकंद. घंटेवर सगळं अंतर ३ सेकंद असताना त्याचा पाचवा भाग नुसता बाहेरून धावण्यात जातो.

सरळ पट्टीवर हीच बाहेर येण्याची किंमत बघा. वीस मीटर धावता धावता एक मीटर बाजूला सरकलं तर तिरपं अंतर २० मीटर अडीच सेंटिमीटर. म्हणजे काहीच नाही.

ओलांडायला किती धावावं लागतं, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. वेगातला फरक सेकंदाला २० सेंटिमीटर आहे. पुढचीच्या एक मीटर मागून एक मीटर पुढे जायला दोन मीटर कापायचे, म्हणजे दहा सेकंद, म्हणजे ५३ मीटर. ओलांडणं हा एक क्षण नाही, ती अर्ध्याहून जास्त सरळ पट्टी आहे. वळणावर सुरुवात केली तर ते पन्नास मीटर बाहेरूनच जातात.

अशी लहान मापं कुठे नेतात? २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये बीडच्या अविनाश साबळेने ८:११.२० मध्ये रौप्य घेतलं आणि केनियाच्या अब्राहम किबिवोटने ८:११.१५ मध्ये सुवर्ण. फरक ०.०५ सेकंद. त्या शर्यतीच्या सरासरी वेगाला हे साधारण ३० सेंटिमीटर होतात. आणि एक वळण फक्त १० सेंटिमीटर बाहेरून धावलं तर पडतात ३१ सेंटिमीटर. तिथे तसंच झालं असं म्हणायचं नाही, मापाचा अंदाज यावा म्हणून लिहिलं.

यावरून पाठलागाचा आराखडा ठरला. ७५ ची वजाबाकी दोघींना नेमकं रेषेवर बरोबरीत आणते, आणि तेवढं आपल्याला पुरत नाही. शेवटची सरळ लागताना मागची पुढचीच्या एक मीटर मागे, पण तिच्याच वाटेवर, आत असायला हवी. तिथपर्यंत ३१५.६१ मीटर. पुढचीला ते ६१.५ सेकंद लागतात. त्यातून ३ वजा, एक मीटर मागे राहायचंय म्हणून ०.२ अधिक: मागचीला ५८.७ सेकंद. वेग ५.३७. मग सरळीवर बाहेर येऊन एक मीटर पुढे राहून रेष गाठायला ५.२५ पुरतात, अर्थात पुढची तिच्याच चालीने गेली तर. ती सरळीवर सेकंदाला ३० सेंटिमीटरने चढली, तर मागचीला तिथे ५.५६ लागतील.

मागच्या सरळीवरच गाठू, असाही एक मतप्रवाह होता. आकडा काढला: पहिल्या ११५ मीटरांतच ३ सेकंद भरून काढायला ५.९२ चा वेग लागतो, म्हणजे अडुसष्टच्या फेरीची चाल. तिची शेवटच्या फेरीची मर्यादा ७३.४ आहे. विषय मिटला.

७ डिसेंबर

पहिली पूर्ण चाचणी, मानकापूर. सकाळी सातला, थंडी चांगली होती, त्यामुळे वॉर्म-अप लांबवला. आधी १६०० मीटर ८२ च्या चालीने, मग घंटा. रोज २६०० धावून चाचण्या घेतल्या तर पाय उरणार नाहीत.

घंटेवर अंतर ३.१. मागचीला ७५ च्या आत असं सांगितलेलं. पुढचीचे दोन दोनशे ३८.९ आणि ३८.७, एकूण ७७.६. मागचीचे ३६.४ आणि ३८.९, एकूण ७५.३. रेषेवर मागची ०.८ सेकंदाने मागे.

७५.३ वाचून वाटेल की ‘थोडक्यात हुकलं’. कुठे हुकलं ते दोनशेच्या खुणेवर दिसतं. तिथे अंतर ३.१ वरून ०.६ वर आलं होतं. अर्ध्या फेरीत निम्मं, म्हणजे दीड सेकंद कमी व्हायला हवं होतं. तिने अडीच कमी केलं. पुढची अगदी हाताशी आली आणि नेमकं दुसरं वळण लागलं. आता मागे थांबावं तर धावता धावता चाल तोडावी लागते, म्हणून ती बाहेर आली आणि अख्खं वळण खांद्याला खांदा लावून धावली. ३.१४ मीटर जास्तीचे. तिच्या तेव्हाच्या वेगाला ते ०.६ सेकंद होतात. हरण्याच्या ०.८ पैकी ०.६ तिथे गेले, उरलेले ०.२ पहिल्या दोनशेच्या उधळपट्टीचे.

घाई आणि बाहेरून धावणं या दोन वेगळ्या चुका वाटतात. आहे ती एकच. लवकर पोहोचलं की वळण वाट्याला येतंच.

९ डिसेंबर

लक्ष्य धावणारीपर्यंत पोहोचवायचं कसं? ट्रॅकच्या बाहेरून ओरडूनच सांगायचं. आणि इथे मराठी आकडे घात करतात. चौऱ्याहत्तर आणि चौऱ्याऐंशी, एकोणसत्तर, एकोणऐंशी आणि एकोणनव्वद: धापा टाकणारीच्या कानावर सुरुवातीएवढंच पडतं. ‘पंच्याहत्तर’ ओरडलं, तिने ‘पंच्याऐंशी’ ऐकलं आणि गोंधळून मान वळवली, असं सरावात दोनदा झालं.

म्हणून आकडाच बदलला. तिची आधीची फेरी ८२ ची होती हे तिला माहीत आहे. लक्ष्य ७५. तर ओरडायचं फक्त ‘सात कमी’. एकेरी अंक, चुकत नाही. २०० च्या खुणेवर दुसरा माणूस उभा. तो अंतर मोजतो आणि तीनपैकी एकच शब्द देतो: ‘बरोबर’, ‘सोड’ किंवा ‘ओढ’. ‘सोड’ म्हणजे लवकर पोहोचतेयस, वळणावर मागेच राहा.

त्याचा हिशेबही तोच, फक्त २०० मीटरचा. घंटेच्या ३ सेकंदांचे तिथे दीड व्हायला हवेत. एक ते पावणेदोन असेल तर ‘बरोबर’, एकाच्या खाली ‘सोड’, पावणेदोनच्या वर ‘ओढ’. पुढचीने मध्येच वेग बदलला असेल तर तो बदल या दुसऱ्या मोजणीत आपोआप येतो. १६ तारखेच्या अंदाजातली चूक दुरुस्त करायची ही एकमेव जागा.

१४ डिसेंबर

दुसरी चाचणी, तीच पद्धत. घंटेवर २.९. ओरडलं ‘सात कमी’.

२०० वर पुढचीचे ३९.२, मागचीचे ३७.३, अंतर १.० सेकंद. ‘बरोबर’च्या अगदी काठावर, पण तोच शब्द दिला. दुसऱ्या वळणावर मागची आतच राहिली. बघणाऱ्याला तिथे काही घडत नाही असं वाटतं, पण अंतर सरकत असतं; वळण संपताना ती मीटरभरही मागे नव्हती. मग बाहेर. शेवटची सरळ लागल्यावर वीस मीटरच्या आत बरोबरी, आणि रेषेवर ०.५ सेकंद पुढे. दुसरं दोनशे ३७.५, फेरी ७४.८. पुढचीची ७८.२.

गेल्या रविवारच्या ७५.३ पेक्षा फक्त अर्धा सेकंद चांगली फेरी, आणि निकालात १.३ सेकंदांचा फरक. त्यातला अर्धा सेकंद तिच्या फेरीचा, तो आतून धावण्याचा. उरलेले ०.८ पुढचीच्या आजच्या हळू फेरीचे आणि सुरुवातीला दोन दशांश कमी अंतर होतं त्याचे, हेही लिहून ठेवायला हवं.

एक धोका दिसला. आत राहिल्यावर कोंडलं जाण्याची भीती असते: बाहेरून तिसरी कोणी आली की पुढची समोर, तिसरी बाजूला आणि आत कर्ब. आतून घुसायचा प्रयत्न वळणावर कर्बच्या आत पाय पडला तर बाद करू शकतो. तिसरी धावपटू जवळ असेल तर वळण संपायच्या वीस मीटर आधीच अर्धा मीटर बाहेर यायचं. तेवढ्याला सुमारे २७ सेंटिमीटर जास्त पडतात, तेवढे द्यायचे.

२१ डिसेंबर

४ सेकंदांपेक्षा जास्त अंतराचं काय, त्याचा आज कागदावर हिशेब. घंटेआधीच्या २०० च्या खुणेवर, म्हणजे ६०० मीटर उरले असताना, अंतर ६ सेकंद आहे असं धरलं. पुढची त्यातले पहिले २०० मीटर ८२ च्या चालीने, ४१ सेकंदांत काढणार, मग शेवटची फेरी ७८. एकूण ११९. वजा ६, म्हणजे मागचीला ६०० मीटर ११३ सेकंदांत. चाल निघते ७५.३ च्या फेरीची.

म्हणजे दुप्पट अंतर, आणि वेग जवळपास तोच. फक्त दीड फेरी टिकवायचा. पण ७३.४ ही मर्यादा एका फेरीची आहे. दीड फेरीची मर्यादा वेगळी मोजावी लागेल: २४०० मीटर ८२ ने, मग ६०० जीव तोडून. ती ११३ च्या आत आली तरच ६ सेकंदांचा पाठलाग लिहून द्यायचा. त्या चाचणीसाठी २८ तारखेची सकाळ ठेवलीय, त्याआधीचे तीन दिवस हलका सराव.

तक्त्याला एक रकाना वाढवला: पाठलाग कुठून सुरू. ४ पर्यंत ‘घंटा’. ४ च्या वरच्या ओळी अजून पेन्सिलीने.